कारखान्याची जागा आणि यंत्रांची मांडणी

कारखाना कुठे उभारायचा याचे उत्तर देताना पाठ्यपुस्तके कच्चा माल, बाजारपेठ, वाहतूक, मजूर, वीज, पाणी, जमीन आणि सरकारी धोरण अशी यादी देतात. यादी बरोबरच असते. पण प्रत्येक उद्योगात हे घटक सारख्या वजनाचे नसतात. कोणता घटक बाकीच्यांवर मात करतो आणि का, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. महाराष्ट्रातला साखर कारखाना हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

शंभर टन ऊस गाळला की साधारण अकरा टन साखर हाती येते. उरलेल्यात जवळपास तीस टन चिपाड म्हणजे बगॅस असते, चारेक टन मळी आणि थोडी प्रेसमड. बाकीचे बहुतेक पाणी वाफ होऊन जाते. दिवसाला अडीच हजार टन गाळप करणारा कारखाना शेतापासून दोनशे किलोमीटरवरच्या शहरात उभारला, तर दहा टनी ट्रकच्या अडीचशे खेपा रोज तेवढे अंतर कापतील. तोच कारखाना उसाच्या पट्ट्यात असेल, तर शहराकडे रोज पावणेतीनशे टन साखर जाईल आणि तिला अठ्ठावीस खेपा पुरतील. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी 1909 मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच आहे. प्रक्रियेत ज्या मालाचे वजन घटते त्याचा कारखाना मालाकडे ओढला जातो. शीतपेयासारख्या वस्तूत पाणी भरून वजन वाढते आणि पाणी बहुतेक ठिकाणी मिळते, म्हणून तिचा कारखाना गिऱ्हाइकाजवळ जातो.

उसाच्या बाबतीत वजनापेक्षाही वेळ कडक आहे. ऊस तोडल्यावर त्यातल्या साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होऊ लागतात आणि त्यांची दाणेदार साखर होत नाही. म्हणून तोडीनंतर शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळप व्हावे लागते. वाळलेला ऊस वजनात कमी भरतो, तेव्हा शेतकऱ्याचे नुकसान होते. साखर उतारा घसरतो, तेव्हा कारखान्याचे.

यादीतले बाकीचे घटक इथे आपोआप मागे पडतात. इंधन बाहेरून फारसे आणावे लागत नाही, कारण बॉयलर बगॅसवर चालतो. हंगाम सुरू झाला की बीडसारख्या भागांतून ऊसतोड मजूर स्वतःच कारखान्याच्या परिसरात येतात. बाजारपेठ दूर असली तरी पोत्यातली साखर टिकते. सरकारी धोरण मात्र टाळता येत नाही. दोन साखर कारखान्यांत किमान 15 किलोमीटर हवाई अंतर असावे असा केंद्राचा नियम आहे आणि महाराष्ट्राने ते 25 किलोमीटर केले. त्यामुळे उसाच्या दृष्टीने उत्तम असलेली जागाही शेजारी दुसरा कारखाना असल्यास बाद होते. अहमदनगर जिल्ह्यात लोणीजवळचा प्रवरा सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास उभा राहिला, त्यामागे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचे कष्ट होते. पण ती जागा शक्य झाली ती प्रवरा कालव्यांमुळे. 1926 मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले, कालव्याला भरवशाचे पाणी आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून कारखाना.

जागा ठरली की आवाराच्या आत यंत्रे कशी बसवायची हा पुढचा प्रश्न. त्याच्या दोन मुख्य पद्धती एकाच साखर कारखान्यात पाहायला मिळतात.

गव्हाणीत पडलेला ऊस कटर आणि फायबरायझरमधून बारीक होऊन एकामागे एक असलेल्या मिलमध्ये पिळला जातो. रस तापवून चुना आणि सल्फर डायऑक्साइडने स्वच्छ केला जातो, इव्हॅपोरेटरमध्ये आटवला जातो, व्हॅक्यूम पॅनमध्ये त्याचे दाणे धरतात, सेंट्रिफ्यूगल यंत्रात मळी वेगळी होते आणि शेवटी साखर पोत्यात पडते. यंत्रे कामाच्या क्रमाने लावलेली आहेत. ही उत्पादनानुसार मांडणी, म्हणजे प्रॉडक्ट लेआउट. माल पुढेच सरकतो, मध्ये साठा कमी राहतो, प्रति टन खर्च उतरतो आणि प्रत्येक कामगाराला एकच काम नीट आले तरी चालते.

याची किंमत मोजावी लागते ती समतोलात. अडीच हजार टन गाळपाचा अर्थ तासाला सुमारे 104 टन ऊस. मिल तेवढा ऊस पिळत असेल, पण इव्हॅपोरेटरला तासाला 85 टन उसाचाच रस आटवता येत असेल, तर सारा कारखाना दिवसाला 2,040 टनांवर येतो. अशा वेळी मिलची क्षमता वाढवण्यावर घातलेला पैसा वाया जातो. दोष ओळखायची खूण सोपी आहे: ज्या यंत्राच्या आधी माल तुंबतो आणि ज्याच्या पुढची यंत्रे रिकामी राहतात, तेच यंत्र अपुरे पडत असते. आणि एक मिल बंद पडली तर सगळी रांगच थांबते. यार्डात गाड्या अडकतात आणि तोडलेला ऊस उन्हात वाळत राहतो.

त्याच आवारातल्या वर्कशॉपचे चित्र वेगळे असते. तिथे लेथ एका बाजूला, ड्रिलिंग दुसरीकडे, वेल्डिंग आणखी वेगळ्या शेडमध्ये. आज पंपाचा शाफ्ट येतो, उद्या तुटलेला गिअर, हंगाम संपल्यावर झिजलेले मिल रोलर. प्रत्येक कामाचा मार्ग निराळा, म्हणून यंत्रे एका जातीची एकत्र ठेवतात. ही प्रक्रियानुसार मांडणी, म्हणजे प्रोसेस लेआउट. एक लेथ बिघडला तर काम शेजारच्या लेथवर जाते आणि नवे काम आले म्हणून यंत्रे हलवावी लागत नाहीत. पण कामगार कसबी लागतो, सुट्या भागांची ने-आण वाढते आणि प्रत्येक विभागासमोर अर्धवट कामांचे ढीग साठतात. यंत्रावर चार तास लागणारे काम हातात पडायला आठवडा जातो, कारण बाकीचा वेळ ते रांगेत पडलेले असते.

निवड कशी करायची, ते एका काल्पनिक हिशेबाने पाहता येईल. एखादा यंत्रभाग प्रक्रियानुसार मांडणीत बनवला, तर वर्षाचा स्थिर खर्च 3 लाख रुपये आणि प्रत्येक नगाचा खर्च 250 रुपये येतो. त्याच भागासाठी स्वतंत्र रांग उभारली, तर स्थिर खर्च 12 लाख, पण नगाला 100 रुपयेच लागतात. स्थिर खर्चातला 9 लाखांचा फरक नगामागच्या 150 रुपयांच्या बचतीने भागला की 6,000 नग येतात. मागणी वर्षाला 4,000 असेल, तर पहिल्या पद्धतीत खर्च 13 लाख आणि दुसरीत 16 लाख. ती 10,000 झाली, तर अनुक्रमे 28 आणि 22 लाख. मागणीचा अंदाज 6,000 च्या आसपास घुटमळत असेल किंवा भागाचा नमुना दोन वर्षांत बदलणार असेल, तर रांग उभारणे धोक्याचे ठरते. नमुना बदलल्यावर त्या यंत्रांचा दुसरा उपयोग क्वचितच होतो. म्हणून तुलना लिहिताना फायदे-तोट्यांच्या दोन रकान्यांइतकेच मागणीचे प्रमाण आणि तिची स्थिरता हे दोन आकडे मागितले पाहिजेत.

दोन्हींच्या मधली वाटही आहे. अनेक भागांपैकी ज्यांचा प्रक्रियाक्रम मिळताजुळता आहे त्यांचे गट पाडतात आणि प्रत्येक गटासाठी लेथ, ड्रिल, ग्राइंडर अशी छोटी जुळणी एका जागी बसवतात. तिला सेल लेआउट म्हणतात. त्यात ने-आण कमी होते आणि विविधताही टिकते. मात्र प्रत्येक सेलला स्वतःची यंत्रे लागतात, आणि गटातल्या भागांची मागणी पडली की ती यंत्रे रिकामी राहतात.