दोन नकारांचा होकार होतो का?

'आय डोन्ट नो नथिंग' असं वाक्य उत्तरपत्रिकेत आलं, की ते चूक ठरतं आणि कारण गणिताचं दिलं जातं: उणे गुणिले उणे बरोबर अधिक, म्हणून दोन नकारांचा होकार. चूक ठरवणं समजू शकतं, पण हे कारण टिकत नाही. ते खरं असतं, तर या वाक्यावरून बोलणाऱ्याला काहीतरी माहीत आहे असं ऐकणाऱ्याला वाटलं असतं. तसं कुणालाच वाटत नाही. 'नथिंग'वर मुद्दाम जोर दिला तरच 'काहीच माहीत नाही असं नाही' हा अर्थ निघतो. 'आय डोन्ट नेव्हर टेल नोबडी' यात तर तीन नकार आहेत. गणिताने त्यांचा नकारच उरतो, म्हणजे वाक्य बरोबर ठरायला हवं. तरीही तेही खोडलं जातं.

खरं कारण सामाजिक आहे. चौदाव्या शतकात कवी चॉसर एका वाक्यात नकारांवर नकार रचत होता. पुढे लंडनच्या सुशिक्षितांच्या लेखनातून ही रीत मागे पडत गेली, आणि रॉबर्ट लाउथच्या 1760च्या दशकातल्या व्याकरणाने 'दोन नकार एकमेकांना मारतात' या नियमावर मोहोर उठवली. रीत आधी गेली, तर्क मागून आला. कामकरी वस्त्यांत आणि आफ्रिकन-अमेरिकन बोलीत मात्र ती टिकली. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी 1972 मध्ये दाखवून दिलं की हा गोंधळ नाही, तिथेही काटेकोर नियम आहेत. स्पॅनिशमध्ये तर 'नो से नादा' हेच प्रमाण वाक्य आहे. मग विद्यार्थ्याने तसं लिहावं का? अर्जात किंवा परीक्षेत नाही, कारण वाचणारा त्यावरून शिक्षण जोखतो. मराठी मुलाला प्रमाण इंग्रजीचा नियम अवघडही नाही. आपल्या 'काहीही'मध्ये स्वतःचा नकार नसतो ('काहीही चालेल'), नकार एकट्या 'नाही'त असतो. 'मला काहीही माहीत नाही' म्हणजे थेट 'आय डोन्ट नो एनिथिंग'.

मराठी माणूस खरा अडतो तो नकारार्थी प्रश्नावर. पत्र पाठवलेलं नाही आणि कुणी विचारलं, 'पाठवलं नाहीस ना?' आपण म्हणतो, 'हो, नाही पाठवलं.' इथला 'हो' विचारणाऱ्याच्या समजुतीला दुजोरा देतो. इंग्रजीत 'यू डिडन्ट सेंड इट, डिड यू?' याला 'येस' म्हटलं, की पत्र पाठवलं असा अर्थ होतो, कारण 'येस' आणि 'नो' आपल्याच उत्तरातल्या क्रियापदाशी जुळतात. सोळाव्या शतकापर्यंत इंग्रजीत होकारार्थी प्रश्नाला 'ये' आणि 'ने', नकारार्थीला 'येस' आणि 'नो' अशी चार उत्तरं होती. बायबलचा अनुवादक टिंडेल याने त्यांची गल्लत केली म्हणून थॉमस मोरने त्याला फटकारलं होतं. तेव्हाही नकारार्थी प्रश्नाला 'येस' म्हणजे समोरच्याचं खोडून काढणंच होतं. मराठीतही सगळं एकसारखं नाही: 'पाठवलं नाहीस का?' याला बरेच जण 'नाही, राहून गेलं' असंच उत्तर देतात. म्हणून साक्षीत किंवा दवाखान्यात नुसत्या 'येस'वर थांबू नये. 'नो, आय डिडन्ट' असं क्रियापदासह सांगितलं की शंका उरत नाही.