खोलीचा उलटा हिशोब

'क्वेक थ्री अरीना' या गाजलेल्या गेमचा सोर्स कोड २००५ मध्ये खुला झाला, तेव्हा त्यातली एक ओळ जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या चर्चेचा विषय झाली.

```
i  = 0x5f3759df - ( i >> 1 );
```

एखाद्या संख्येच्या वर्गमुळाचा व्यस्त झटपट काढायची ही युक्ती आहे. पृष्ठभागावर प्रकाश कुठल्या कोनातून पडतोय हे ठरवताना असा हिशोब सारखा करावा लागतो. उत्तर अंदाजे येतं, पण कामापुरतं पुरेसं अचूक. पण तो विचित्र आकडा आला कुठून, याबद्दल कोडमध्ये अवाक्षर नाही. शेजारच्या टिप्पणीत आहे तो एक शिवीवजा प्रश्न. त्या आकड्यामागचं गणित उलगडायला लोकांनी लेख लिहिले आणि त्याचा जनक शोधत एका जुन्या प्रोग्रॅमरकडून दुसऱ्याकडे फिरले.

मोठ्या कंपनीत अशा गोष्टी विचारायला कुणीतरी सापडतं. पाच-सहा जणांच्या गेम स्टुडिओत ग्राफिक्स पाहणारा माणूस एकच असतो. त्याने राजीनामा दिला की नोटीस पिरियडमध्ये त्याला 'केटी' द्यावी लागते, म्हणजे आपल्या जागी येणाऱ्याला सगळं समजावून एक दस्तऐवज मागे ठेवायचा. बहुतेक वेळा त्यात फोल्डरांची यादी आणि कुठला फंक्शन काय करतो याचं वर्णन असतं. ते कोड उघडूनही कळतं. कोडमध्ये जे पाच ठिकाणी विखुरलेलं असतं आणि ज्याचं कारण एकाही ठिकाणी लिहिलेलं नसतं, ते कागदावर यायला हवं.

असा एक निर्णय घेऊन पाहू.

समजा, एका छोट्या इंजिनमध्ये डोंगरदऱ्यांचा खुला प्रदेश दाखवायचा आहे. सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे एका चित्राला साधारण १६.६ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात इंजिन कामं टप्प्याटप्प्याने उरकतं. आधी सूर्याच्या जागेवरून सावल्यांचा नकाशा काढायचा, मग घन वस्तू, मग आकाश, मग काच-पाणी-धुरासारख्या पारदर्शक गोष्टी, मग धुकं आणि चमक, आणि सगळ्यात वर गुण आणि बटणं. हा क्रम दस्तऐवजाच्या पहिल्या पानावर हवाच. पण तो वाचून होतो ना होतो तोच प्रश्न येतो: झाडामागचं घर झाडाच्या पुढे का येत नाही?

त्याचं उत्तर 'डेप्थ बफर'. पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलसाठी इंजिन रंगासोबत खोलीचा एक आकडा, शून्य ते एकमधला, साठवतं. नवीन वस्तू रंगवताना तिचा आकडा आधीच्याशी ताडून पाहिला जातो आणि जवळची वस्तू टिकते. रूढ पद्धतीत शून्य म्हणजे अगदी जवळ, एक म्हणजे अगदी दूर. बहुतेक पाठ्यपुस्तकं आणि ट्युटोरिअल्स हेच शिकवतात.

गोम अशी की हा आकडा अंतराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, व्यस्त प्रमाणात वाढतो. कॅमेऱ्याला दिसणारं सगळ्यात जवळचं अंतर १० सेंटिमीटर आणि सगळ्यात दूरचं १० किलोमीटर धरलं, तर शून्य ते अर्धा हा अख्खा पट्टा १० ते २० सेंटिमीटर या बोटभर जागेतच खर्ची पडतो. पुढच्या दहा किलोमीटरच्या वाट्याला उरलेला अर्धा. २४ बिटांच्या बफरमध्ये हिशोब मांडला तर १०० मीटरवर दोन पृष्ठभागांत ६ मिलिमीटरचं अंतर असलं तरी ते वेगळे ओळखता येतात. १ किलोमीटरवर मात्र जवळजवळ ६० सेंटिमीटर लागतात. म्हणजे दूरच्या टेकडीवरच्या देवळाची भिंत आणि तिच्यापासून वीतभर पुढे असलेला दरवाजा यांचा आकडा एकच. कॅमेरा हलला की कधी भिंत वर, कधी दरवाजा, आणि तो भाग लुकलुकायला लागतो. या आजाराला 'झेड-फायटिंग' म्हणतात.

पहिला उपाय सुचतो तो ३२ बिटांचा फ्लोट बफर घेण्याचा. त्याने जवळपास काहीच साधत नाही. फ्लोट आकडे शून्याजवळ दाट असतात आणि एकाजवळ विरळ. अर्धा ते एक या पट्ट्यात त्यांचं अंतर २४ बिटांच्या बफरइतकंच असतं. दूरच्या वस्तू नेमक्या त्याच पट्ट्यात येतात. म्हणून जाणकार दिशाच उलटी करतात: जवळ म्हणजे एक, दूर म्हणजे शून्य. अंतराबरोबर होणारी विरळाई आणि शून्याजवळची दाटी एकमेकींना सांभाळून घेतात आणि त्याच १ किलोमीटरवरची अचूकता ६० सेंटिमीटरवरून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास येते. ना जास्त मेमरी लागते, ना जास्त वेळ. ग्राफिक्सच्या धंद्यात इतका स्वस्त सौदा क्वचितच मिळतो. याला 'रिव्हर्स-झेड' म्हणतात. ओपनजीएलमध्ये कॅमेऱ्याच्या मॅट्रिक्सखेरीज एवढंच बदलावं लागतं:

```
glClipControl(GL_LOWER_LEFT, GL_ZERO_TO_ONE);
glClearDepth(0.0);
glDepthFunc(GL_GREATER);
```

या तीन ओळी एकत्र असत्या तर दस्तऐवजाची फारशी गरज पडली नसती. खऱ्या इंजिनमध्ये पहिली ओळ खिडकी उघडणाऱ्या फाइलमध्ये असते, दुसरी चित्राच्या सुरुवातीला, तिसरी प्रत्येक मटेरियलच्या सेटिंगमध्ये, आणि मॅट्रिक्स चौथ्याच जागी. कुठेही 'आपण उलटे चाललो आहोत' अशी पाटी नसते.

आता नवी प्रोग्रॅमर रुजू होते. पहिलं काम सोपं: भिंतींवर पोस्टर चिकटवायचे. ती ओळखीच्या पद्धतीने नवा टप्पा लिहिते आणि तुलनेसाठी `GL_LESS` ठेवते. चालवून पाहिलं तर समोरच्या भिंतीवरचा पोस्टर गायब, आणि मागच्या गल्लीतला पोस्टर मात्र भिंतीतून आरपार दिसतोय. कारण उघड आहे: या इंजिनमध्ये लहान आकडा म्हणजे दूर, त्यामुळे जे झाकलेलं आहे तेच परीक्षा पास होतं. तुलना सुधारली तरी पोस्टर लुकलुकतोच. पोस्टर भिंतीपासून किंचित पुढे ओढायला `glPolygonOffset` वापरतात, आणि ट्युटोरिअलमध्ये त्याचे आकडे ऋण असतात. इथे ते धन हवेत. ऋण दिले की पोस्टर भिंतीत जातो.

मग ती रेंडरडॉक उघडते. क्रायटेकमध्ये काम करणाऱ्या बाल्डर कार्लसन यांनी सुरू केलेलं आणि पुढे सर्वांसाठी मोफत खुलं झालेलं हे साधन एका चित्राचा प्रत्येक टप्पा गोठवून दाखवतं. डेप्थ बफर पाहिला तर सगळा काळाकुट्ट! बफर रिकामाच आहे असं कुणालाही वाटेल. पण १० मीटरवरच्या वस्तूचा आकडाच मुळी ०.०१ आहे, डोळ्यांना तो काळाच दिसणार. दाखवण्याचा पट्टा शून्य ते ०.०१ असा आवळला की डोंगर, झाडं, घरं वर येतात. दस्तऐवजात या एका सूचनेला एक ओळ लागते. ती नसेल तर अर्धा दिवस जातो.

खरा सापळा सावल्यांच्या टप्प्यात आहे. सूर्याचे किरण समांतर धरलेले असल्याने तिथे खोलीचा आकडा अंतराच्या सरळ प्रमाणातच वाढतो; उलट्या दिशेचा फायदा जवळपास नाही. म्हणून जाणाऱ्याने तो टप्पा जुन्याच पद्धतीने ठेवला: बफर एकने पुसायचा, तुलना `GL_LESS`. एकाच चित्रात दोन रीती नांदतात. सावल्यांनंतर तुलना पूर्ववत करायची राहिली, तर मुख्य दृश्यात एकही घन वस्तू उमटत नाही, कारण शून्यापेक्षा लहान काही असूच शकत नाही. असा कोड पाहून येणारीला वाटणार की ही जुनी चूक राहून गेली आहे, आणि ती 'दुरुस्त' करायला जाणार. सावल्यांचा टप्पा मुद्दाम असा ठेवला आहे, हे कोडला सांगता येत नाही.

धुक्याचंही तसंच. दूरची मर्यादा अनंत धरली की खोलीच्या आकड्यावरून अंतर काढणं फार सोपं होतं: जवळची मर्यादा भागिले तो आकडा. पण आकाशाचा आकडा शून्य, आणि शून्याने भागलं की अनंत. पुढच्या गुणाकारात त्या अनंताला कुठे शून्य भेटलं की 'संख्या नाही' असं उत्तर येतं, आणि चमक पसरवणारा टप्पा तो एक बिघडलेला पिक्सेल शेजाऱ्यांत पसरवतो. पडद्यावर काळे चौकोन दिसतात. चूक धुक्यात, लक्षण चमकेत. म्हणून दस्तऐवजात लक्षणावरून शोधता येईल अशी नोंद हवी.

मर्यादाही लिहायला हव्यात. `glClipControl` ओपनजीएलच्या ४.५ आवृत्तीत आलं, आणि ॲपलच्या मॅकवर ओपनजीएल ४.१ वरच थांबलं. त्या सोयीशिवाय खोलीचा पट्टा उणे एक ते एक असा राहतो आणि शून्याजवळची दाटी भलत्याच जागी वाया जाते. उद्या मालक म्हणाले, 'मॅकवर पण काढू या', तर काम किती वाढेल हे या एका परिच्छेदावर ठरतं.

काही कारणं तर तंत्राबाहेरची असतात. 'डूम थ्री'मधल्या सावल्यांसाठी जॉन कारमॅक यांनी एक पद्धत स्वतः शोधली होती. पण क्रिएटिव्ह लॅब्जकडे तिचं पेटंट निघालं. २००४ मध्ये गेम बाजारात आला तेव्हा कंपन्यांची तडजोड झाली आणि क्रिएटिव्हच्या ध्वनितंत्राला गेममध्ये जागा मिळाली. २०११ मध्ये सोर्स कोड खुला करताना कारमॅकना त्या भागातल्या ओळी बदलाव्या लागल्या. बदललेला कोड नुसता वाचणाऱ्याला तो असा का, हे कितीही हुशारी लढवली तरी उमगलं नसतं.

असा दस्तऐवज शेवटच्या दिवशी लिहून होत नाही. ज्याच्या अंगवळणी गोष्ट पडली आहे त्याला ती सांगण्याजोगी वाटतच नाही. त्याला चांगला उतारा म्हणजे जाणारा अजून शेजारच्या खुर्चीवर असतानाच येणारीने पोस्टरसारखा एक छोटा टप्पा पहिल्यापासून लिहायचा. त्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. तिने विचारलेला प्रत्येक प्रश्न उत्तरासकट दस्तऐवजात जातो, आणि सोबत बरोबर चाललेल्या एका चित्राची रेंडरडॉकची `.rdc` फाइल, कुठल्या ग्राफिक्स कार्डवर आणि कुठल्या ड्रायव्हरवर घेतली त्या नोंदीसह, कारण वेगळ्या कार्डवर ती उघडेलच याची खात्री नसते. शेवटी एक यादी राहते, जी लिहायला जाणाऱ्याला सगळ्यात जड जातं: ज्या ओळी का आहेत ते त्यालाही आठवत नाही, आणि त्या काढल्या तर नेमकं काय बिघडतं.