पुरानंतरचा निवारा आणि कोपी

मंगळवेढा तालुका पुराच्या बाबतीत दुभंगलेला आहे. दक्षिणेकडची मुरमाड गावं पाण्यासाठी तळमळतात, तर उत्तरेला भीमाकाठी, उजनीतून विसर्ग वाढला की काळी रानं पाण्याखाली जातात. ऑक्टोबर 2020 ची अतिवृष्टी असो की सप्टेंबर 2025 मध्ये शेजारच्या सीनाकाठी झालेली दैना, पूरग्रस्तांना आधी आठवते ती जिल्हा परिषदेची शाळा. शाळा भरायची वेळ झाली की खोल्या सोडाव्या लागतात आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो. पांढऱ्या मातीची भिंत पाण्यात उभी राहते, पण पायातली ओल वर चढलेली असते आणि पाणी ओसरल्यावरच भिंत बसते. बुडाशी फुगवटा किंवा आडवी चीर दिसली, तर त्या घरात रात्र काढू नये.

तात्पुरत्या घरांचा आपला अनुभव फारसा बरा नाही. 1961 च्या पानशेत पुरानंतर पुण्यात अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट उभ्या राहिल्या आणि काही महिन्यांच्या त्या सोयीत कित्येक कुटुंबांची वर्षं गेली. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरही आधी पत्र्याचे शेडच आले. सोलापुरी उन्हाळ्यात असा शेड दुपारी भट्टी होतो.

झटपट निवारा मात्र आपल्याकडे दर वर्षी उभा राहतोच, तो म्हणजे ऊसतोड टोळीची कोपी. वाकवलेले बांबू, त्यावर चटई आणि पावसाला वरून ताडपत्री. सरावाची दोन-तीन माणसं ती काही तासांत उभी करतात. गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, म्हणजे पुराच्या दिवसांत टोळ्या आलेल्या नसतात. म्हणून कोपीचं सामान पावसाळ्याआधीच तालुक्यात गोळा करून ठेवता येईल. छपराला कडबा सुचवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की पुराच्या वर्षी तो आधी जनावरांना लागतो. पाचटही नव्या हंगामाआधी ताजं मिळत नाही.

खरी अडचण जमिनीची. ओल्या काळ्या रानात खांब डुलतो आणि रान वाळलं की भेगेत सैल होतो. म्हणून दक्षिणेकडचा मुरूम आणून दीड फुटाचा ओटा चोपायचा, खड्डेही मुरमानेच भरायचे आणि बांबूचं गाडलं जाणारं टोक डांबरात बुडवायचं.

आपत्तीतल्या निवाऱ्यासाठी माणशी साडेतीन चौरस मीटर हे किमान माप जगभर धरतात. पाच जणांना साडेसतरा, म्हणजे सुमारे 190 चौरस फूट. दहा फूट रुंद कोपी एकोणीस फूट लांब केली की ते भागतं. मध्ये चटईचा आडोसा टाकला की सासू-सुनांना आणि पोरींना कपडे बदलायला जागा होते. चूल मात्र बाहेरच हवी, कारण चटई लगेच पेट घेते.

तरीही बागाईतदार नाक मुरडतो, ‘आम्ही काय टोळीवाले?’ मला हा आक्षेप निव्वळ मिजास वाटत नाही. टोळीची कोपी वाकूनच आत शिरावी अशी असते आणि तिला कडी नसते. तिथे टोळीने तरी महिनोन्महिने असं का राहावं, हाही प्रश्न आहेच. दार सहा फूट उंच करायला आणि आतून कडी बसवायला खर्च फारसा येत नाही. ते दोघांच्याही कोपीला करावं.