पाचवा मणी

झोपलेल्या बाळाचं झबलं वर करून मिनिटभर त्याच्या पोटाकडे बघा. पोट वर येतं, खाली जातं. एकदा वर आणि एकदा खाली, हा झाला एक श्वास. खोकणाऱ्या बाळाला साधी सर्दी आहे की न्यूमोनिया, हे ठरवायला जगभरातली खेडी आजही सगळ्यांत आधी हेच मोजतात. क्ष-किरण नाही, रक्ततपासणी नाही, स्टेथोस्कोपसुद्धा नाही.

ही युक्ती पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या गोरोका गावातून आली. तिथे काम करणारे बालरोगतज्ज्ञ फ्रँक शान यांनी 1984 मध्ये दाखवलं, की खोकणाऱ्या लहान मुलाचे श्वास मिनिटाला 50 च्या वर गेले, तर न्यूमोनियाचा संशय घेऊन औषध सुरू करायला तेवढी खूण पुरते. छातीला नळी लावून आवाज ओळखायला वर्षांचा सराव लागतो. मोजणं मात्र कुणालाही शिकवता येतं.

पण आजार फुप्फुसातला, मग तो आकड्यात कसा उतरतो? निरोगी फुप्फुस स्पंजासारखं मऊ असतं, थोड्याशा ओढीनं फुगतं. न्यूमोनियात त्यातले हवेचे बारीक फुगे पू आणि पाण्यानं भरतात आणि फुप्फुस ताठर होतं. ताठर फुप्फुस खोलवर फुगवायला फार ताकद लागते. त्यामुळे बाळाचं शरीर आपोआप हिशेब बदलतं. खोल श्वास परवडत नाही, म्हणून छोटे छोटे, पण भराभर श्वास घेतले जातात. आपण मोजतो तो हा बदललेला हिशेब.

लहान बाळं मुळातच जलद श्वास घेतात, म्हणून मर्यादा वयाप्रमाणे बदलते. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त.

आता गडचिरोलीत येऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 1980 च्या दशकात हे काम गावातल्या आरोग्यसेवकांच्या आणि दाईंच्या हाती द्यायचं ठरवलं. अडचण अशी, की अनेक दाईंना अक्षरओळख नव्हती आणि पन्नासपर्यंत मोजताही येत नव्हतं. दहापर्यंत मात्र यायचं. यातून एक साधं साधन तयार झालं: एका मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. शेवटचा मणी लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. मोठ्या बाळासाठी पाचवा मणी लाल, दोन महिन्यांखालच्या बाळासाठी सहावा. पन्नास हा आकडा दाईला म्हणताही यायला नको, तो तारेवरच बसवलेला होता.

समजा, सहा महिन्यांची, 6 किलोची एक मुलगी आहे. तीन दिवस खोकला, अंगात ताप. दाई आली तेव्हा ती रडत होती. रडताना श्वास मोजून उपयोग नसतो, दूध पितानाही नाही. म्हणून तिला आईच्या मांडीवर शांत होऊ दिलं. नाक चोंदलेलं होतं, ते पुसलं. मग वाळू उलटी केली. चार मणी गेले, पाचवाही गेला आणि काचेत वाळू अजून चिमूटभर उरलेली. मिनिटभरात 56 श्वास.

मिनिट पूर्ण मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचा मोह टाळायचा, कारण लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मध्येच थांबतो, मध्येच पळतो. पंधरा सेकंदांत झालेली एका श्वासाची चूक गुणाकारात चारची होते.

मोजून झालं की छातीकडे बघायचं. बाळ श्वास आत घेतं तेव्हा पोट आणि छाती दोन्ही वर यायला हवीत. फुप्फुस फारच ताठर झालं की छाती आणि पोटामधला पडदा जोरानं ओढतो आणि बाळाच्या मऊ बरगड्या त्या ओढीला शरण जातात. पोट वर येतं आणि त्याच क्षणी छातीचा खालचा भाग आत जातो. नुसती दोन बरगड्यांमधली कातडी ओढली जाणं वेगळं. इथे बरगड्याच आत खेचल्या जातात.

त्यानंतरच्या खुणांना मात्र मोजणी लागत नाही. बाळ दूध ओढत नाही, प्यालेलं सगळं उलटून टाकतं, झटके येतात, हाक मारूनही जागं होत नाही, शांत असतानाही श्वास आत घेताना घशातून घरघर आवाज येतो, किंवा ते अतिशय कुपोषित आहे. यातली एक जरी खूण दिसली तरी घरी थांबायचं नाही, थेट रुग्णालय. दोन महिन्यांखालच्या बाळात नुसता जलद श्वासही तेवढाच गंभीर धरतात.

आपल्या मुलीला यातलं काही नव्हतं. अशा बाळाला आज जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे तोंडावाटे अमॉक्सिसिलीन देतात: दर किलोला दिवसाला साधारण 80 मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. 6 किलोला 480, म्हणजे 250 मिलिग्रॅमची विरघळणारी एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात ती विरघळते. पाच दिवसांच्या दहा गोळ्या. मात्रा प्रशिक्षित आरोग्यसेवकानं किंवा डॉक्टरांनीच ठरवायची.

एवढी साधी गोळी का पुरते? मुलांमधल्या जीवघेण्या न्यूमोनियामागे अनेकदा न्यूमोकोकस नावाचा जीवाणू असतो. अमॉक्सिसिलीन त्याला नवी भिंत बांधू देत नाही. वाढताना तो फुटतो. हे औषध आतड्यातून रक्तात इतकं छान शोषलं जातं, की ओकारी होत नसेल तर सुईची गरज उरत नाही. 2008 मध्ये पाकिस्तानातल्या एका अभ्यासात बरगड्या ओढल्या जाणाऱ्या, पण इतर धोक्याच्या खुणा नसलेल्या मुलांना घरीच तोंडावाटे अमॉक्सिसिलीन दिलं. ती रुग्णालयात इंजेक्शन घेणाऱ्यांइतकीच बरी झाली.

गडचिरोलीत तेव्हा औषध वेगळं होतं, को-ट्रायमोक्साझोल. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला हिशेब असा: आरोग्यसेवकांनी आणि दाईंनी उपचार केलेल्या 612 न्यूमोनियांत मृत्यू 0.8 टक्के, तर शेजारच्या, हा कार्यक्रम नसलेल्या गावांत 13.5 टक्के.

मण्यांना मर्यादाही आहेत. दम्यासारख्या आजारात, नुसत्या तापातही श्वास वाढतो. विषाणूच्या न्यूमोनियात जीवाणूंवरचं औषध चालतच नाही, आणि श्वास मोजून विषाणू की जीवाणू हे कळत नाही. म्हणजे काही मुलांना गरज नसताना गोळी मिळते. खेड्यातला हा सौदा जाणूनबुजून केलेला आहे: दहा गोळ्या वाया गेल्या तरी चालतील, एक मूल सुटता कामा नये. म्हणूनच औषध सुरू करून काम संपत नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजावंच लागतं. श्वास तेवढाच राहिला किंवा दूध तुटलं, तर निदान किंवा औषध चुकलं असं समजून पुढे पाठवायचं.

तिसऱ्या दिवशी मुलगी दूध ओढत होती. दाईनं वाळू उलटी केली. एक, दोन, तीन, चार मणी गेले. पाचव्यावर बोट टेकलं आणि वाळू संपली.