भेंडीच्या ओळीतील आकडे : लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात खताच्या गोणीवरील मजकूर आपण पाहिला. आज त्याहून नाजूक दस्तऐवज हाती घ्यावयाचा आहे. कीटकनाशकाच्या पुड्यासोबत जे घडीचे माहितीपत्रक येते, त्याचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र शेतकरी आपल्या शिकलेल्या भाच्याकडे पाठवितो आणि "एवढं मराठीत लिहून दे" असे सांगतो. त्या भाच्याने काय करावे, हा आजचा विषय. उदाहरणासाठी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के हे पाण्यात विरघळणारे दाणेदार औषध, आणि भेंडीवरील शेंडे व फळे पोखरणारी अळी, एवढेच प्रकरण घेऊ.

पत्रकातील कोष्टकात पिकाच्या नावापुढे वजनाचे दोन रकाने असतात. पहिल्यात हेक्टरी मूळ विषद्रव्य किती पडावे ते लिहिलेले असते, दुसऱ्यात त्यासाठी पुड्यातील तयार औषध किती घ्यावे ते. भेंडीला पहिला आकडा ६.७५ ते ८.५ ग्रॅम, तर दुसरा १३५ ते १७० ग्रॅम. छायाचित्रात रकान्यांची शीर्षके एका घडीत व भेंडीची ओळ दुसऱ्या घडीत गेलेली असली, म्हणजे भाषांतरकर्ता पहिलाच आकडा उचलतो, आणि शेतावर विसावा हिस्सा औषध पडून अळी जशीच्या तशी राहते. किंवा सुरकुतीत दशांशचिन्ह लोपून ६.७५ चे ६७५ होतात, आणि मग काय होईल ते सांगावयास नको. याला एक साधा ताळा आहे. तयार औषधाच्या वजनाचे ५ टक्के काढावेत. १३५ चे ५ टक्के बरोबर ६.७५ येतात, १७० चे ८.५. हा ताळा जुळला नाही तर भाषांतर तेथेच थांबवावे व पत्रक सपाट पसरून, शीर्षकासह, नवे छायाचित्र मागवावे.

हेक्टराचा हिशेब शेतकऱ्याच्या कामाचा नसतो. त्याचे क्षेत्र गुंठ्यांत आणि माप पंपात. वीस गुंठे भेंडी म्हणजे हेक्टराचा साधारण पाचवा हिस्सा, म्हणून औषध २७ ते ३४ ग्रॅम. पाणी हेक्टरी ५०० लिटर सांगितले आहे, ते येथे १०० लिटर. पंधरा लिटरचा पंप असेल तर पावणेसात पंपांच्या आत काम होते व प्रत्येक पंपास ४ ते ५ ग्रॅम औषध येते. दुकानदाराने तोंडी "पंपाला दहा ग्रॅम" म्हणून सांगितले असल्यास त्याच शेतात ६७ ग्रॅम जातील, म्हणजे वरच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. आणि हे ग्रॅम बाटलीच्या झाकणाने मोजू नयेत, कारण झाकणावरील खुणा द्रवासाठी असतात. लहान वजनकाटा घ्यावा, अशी सूचना भाषांतराखाली स्वतंत्रपणे लिहावी.

शेवटच्या रकान्यात भेंडीपुढे ५ हा आकडा आहे. शेवटची फवारणी झाल्यापासून पाच दिवस तोडा करावयाचा नाही, असा त्याचा अर्थ. दर पाच दिवसांनी फवारावे असा नव्हे, आणि हा घोटाळा मी वारंवार पाहिला आहे. भेंडीचा तोडा एक दिवसाआड होतो, त्यामुळे पाच दिवसांत फळे जून होणार, हे शेतकऱ्यास आधीच कळावयास हवे, म्हणजे तोडणीयोग्य फळे उतरवून घेऊन मगच तो फवारील आणि मुदतीनंतर निबर झालेली फळे बाजूस टाकील. त्याच कोष्टकात मिरचीस ३ व हरभऱ्यास १४ दिवस दिले आहेत. ओळ चुकली की मुदत चुकते. दोडक्याची ओळ पत्रकात नसेल, तर भेंडीची उसनी न घेता "या पिकासाठी शिफारस दिलेली नाही" असे स्पष्ट लिहावे.

खबरदारीच्या मजकुराचे भाषांतर कोणासाठी करावयाचे, हाही प्रश्न आहे. पुडा मालक आणतो, पण फवारतो पुष्कळदा रोजंदारीचा माणूस, आणि त्याने पत्रक पाहिलेलेही नसते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने जे मृत्यू झाले, त्यांत शेतमजूरही होते. म्हणून "योग्य संरक्षक साधने वापरावीत" असे मोघम न लिहिता हातमोजे, तोंडावर मुखपट्टी, अंगभर कपडे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने न फवारणे, तुंबलेला नोझल तोंडाने न फुंकणे, हे आज्ञार्थी व एकेका ओळीत लिहावे, म्हणजे ते मोठ्याने वाचून दाखविता येते.

विषबाधेची लक्षणे व प्रथमोपचार मराठीत आणावेत. पण डॉक्टरांसाठी असलेला परिच्छेद इंग्रजीतच ठेवून त्याचे छायाचित्र जवळ बाळगावयास सांगावे. या औषधाला विशिष्ट उतारा नाही, उपचार लक्षणांनुसार करावयाचा असतो, आणि झोपेची व फिट थांबविण्याची काही औषधे यात अपाय वाढवू शकतात. पुड्यावरील नाव न कळता डॉक्टरांनी ऑर्गॅनोफॉस्फेटची विषबाधा गृहीत धरली, तर उपचाराची दिशाच बदलते. तेव्हा रुग्णासोबत पुडा किंवा त्याचे मूळ छायाचित्र जावे. भाच्याचे मराठी तेथे पुरणार नाही.