टपालाच्या नावाने येणारा संदेश खरा की खोटा?

गावात कोणास समजण्यास अवघड असा कागद आला की तो शाळेत गुरुजींकडे नेण्याची चाल जुनी आहे. हल्ली कागदाच्या जागी मोबाइलवरील संदेश आला आहे. त्यांपैकी एका प्रकाराची पारख शिक्षकास अवश्य करता आली पाहिजे. कारण त्यात चूक झाल्यास एखाद्या कुटुंबाची वर्षभराची पुंजी काही मिनिटांत नाहीशी होते.

संदेशाचा मजकूर साधारणपणे असा असतो : ‘आपले पार्सल गोदामात आले आहे. पत्ता अपुरा असल्यामुळे दोनदा प्रयत्न करूनही ते पोचविता आले नाही. ४८ तासांच्या आत पुढील दुव्यावर पत्ता दुरुस्त करावा, अन्यथा पार्सल परत जाईल.’ भारतीय टपाल खात्याच्या नावाने असे संदेश २०२४ साली मोठ्या प्रमाणावर फिरले आणि ते खोटे असल्याचे शासनाच्या पत्रसूचना कार्यालयाने त्या वेळी जाहीर केले. असा संदेश हजारो लोकांस एकाच वेळी धाडला जातो. त्यांतील कोणी ना कोणी खरोखरच पार्सलाची वाट पाहत असतो. त्याला तो आपल्यासाठीच आला असे वाटते.

पारख करताना प्रथम दुवा न दाबता नुसता वाचावा. त्यासाठी पत्राच्या पत्त्याचे उदाहरण उपयोगी पडते. पत्र कोठे जाणार हे घराच्या नावावरून ठरत नाही. शेवटी लिहिलेल्या गाव, तालुका व जिल्ह्यावरून ठरते. कोणी आपल्या झोपडीवर ‘राजभवन’ अशी पाटी लावली, तरी पत्र त्या गावातील झोपडीतच पोचते. संकेतस्थळाच्या पत्त्याचेही तसेच आहे. आरंभीचे `https://` सोडून द्यावे, त्यानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपाशी थांबावे आणि तेथून उजवीकडून डावीकडे वाचीत जावे. पुढील दोन पत्ते पाहा; त्यांपैकी दुसरा उदाहरणासाठी रचलेला आहे.

```
https://www.indiapost.gov.in/
https://indiapost.gov.in.parcel-help.top/update
```

पहिला पत्ता उजवीकडून वाचल्यास `in`, मग `gov`, मग `indiapost` असा क्रम लागतो. `gov.in` हा शेवट केवळ शासकीय संस्थांस मिळतो. म्हणून हा पत्ता टपाल खात्याचा होय. दुसऱ्यात तिरप्या रेघेपूर्वी उजवीकडे प्रथम `top` व नंतर `parcel-help` येते. तोच त्याचा खरा मालक. डावीकडचे `indiapost.gov.in` ही त्याने लावलेली पाटी होय. `indiapost-gov.in` यातही टिंबाच्या जागी आडवी रेघ असल्याने तो शासकीय पत्ता ठरत नाही. आरंभीच्या `https` वरून किंवा कुलपाच्या चिन्हावरून मालकाचा प्रामाणिकपणा सिद्ध होत नाही. वाटेत मजकूर इतर कोणास वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या रीतीलाही मर्यादा आहे. काही दुवे मुद्दाम आखूड केलेले असतात व त्यांत खरा पत्ता दिसतच नाही. खऱ्या कुरियर कंपन्याही असे दुवे वापरतात. म्हणून अशा वेळी दुवा बाजूस ठेवावा आणि पाठविणाऱ्याकडून पार्सलाचा क्रमांक मागवावा. टपालाचा हा क्रमांक तेरा चिन्हांचा असतो : आरंभी दोन इंग्रजी अक्षरे, मध्ये नऊ अंक व शेवटी `IN`. तो टपाल खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः टाइप करून पाहावा किंवा गावच्या पोस्टात दाखवावा. पार्सल खरे असेल, तर त्याचा प्रवास तेथे दिसेल.

दुवा दाबला गेलाच, तर पुढे काय मागितले जाते यावर लक्ष ठेवावे. पत्ता भरून झाल्यावर ‘पुन्हा पोचविण्याचे शुल्क २५ रुपये’ अशी मागणी येते. रक्कम क्षुल्लक वाटते; परंतु डाव त्या २५ रुपयांवर नसतो. ती भरण्याच्या निमित्ताने कार्डाचा क्रमांक, मुदत, पाठीमागील तीन अंक आणि शेवटी ओटीपी घेतला जातो. येथे एक खूण हाती लागते. बँकेकडून आलेल्या ओटीपीच्या संदेशात बहुधा रक्कमही लिहिलेली असते. पानावर २५ रुपये आणि बँकेच्या संदेशात २४,९०० रुपये असा फरक दिसला, तर तो ओटीपी कोठेही भरू नये.

ओटीपी दिला गेला असल्यास संकोचाने गप्प राहण्यात वेळ दवडू नये. तत्काळ बँकेस कळवून कार्ड बंद करावे आणि १९३० या क्रमांकावर किंवा `cybercrime.gov.in` येथे तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलविले जाण्यापूर्वी तक्रार पोचली, तरच ते अडविता येण्याचा संभव असतो. मूळ संदेश पुसून टाकू नये. पुरावा म्हणून तो जपून ठेवावा.