आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे किती मीटर?

मोबाइलवर आलेल्या स्क्रीनशॉटमध्ये एक आलेख आहे. आडव्या अक्षावर काळ, 0 पासून 12 सेकंदांपर्यंत. उभ्या अक्षावर मोटारीची चाल, 0 पासून सेकंदाला 30 मीटरपर्यंत. शून्यापासून निघालेली रेषा आधी झपाट्याने वर चढते, मग हळूहळू वाकत जवळजवळ आडवी होते. खाली एकच ओळ : ‘मोटारीने 12 सेकंदांत किती अंतर कापले?’ चालीचं सूत्र दिलेलं नाही, आकड्यांचा तक्ताही नाही. जे काही आहे ते त्या चित्रातच आहे.

नववीच्या पुस्तकातली गणितं याहून सोपी असतात. तिथे रेषा सरळ असतात, त्यामुळे आकृतीचे त्रिकोण आणि आयत पाडून काम भागतं. इथे रेषा वाकडी आहे आणि तिच्यासाठी पाठ केलेलं सूत्र नाही. तरीही हे गणित पाच मिनिटांत सुटतं. त्यासाठी रेषेखालच्या जागेला अंतर का म्हणायचं, तेवढं पक्कं कळलेलं असावं लागतं.

चाल बदलत नसेल तर हिशेब सरळ आहे. मोटार सेकंदाला 20 मीटर चालीने 6 सेकंद गेली तर अंतर 20 गुणिले 6, म्हणजे 120 मीटर. आलेखावर ही चाल म्हणजे 20 च्या उंचीवरची आडवी रेषा. तिच्याखाली 20 उंचीचा आणि 6 रुंदीचा आयत तयार होतो. आयताचं क्षेत्रफळ काढताना आपण उंचीला रुंदीने गुणतो आणि अंतर काढताना चालीला काळाने गुणतो. आलेखावर उंची हीच चाल आणि रुंदी हाच काळ, म्हणून दोन्ही गुणाकार एकच. एककंही हेच सांगतात : ‘मीटर प्रति सेकंद’ला सेकंदांनी गुणलं की सेकंद जातात आणि मीटर उरतात.

चाल सतत बदलत असेल तर काळाचे इतके बारीक तुकडे करायचे, की एका तुकड्यात चाल फारशी बदलणार नाही. मग प्रत्येक तुकडा म्हणजे एक उभी, अरुंद पट्टी. पट्टीचं क्षेत्रफळ हे त्या तुकड्यातलं अंतर आणि सगळ्या पट्ट्यांची बेरीज हे एकूण अंतर. ही कल्पना कलनशास्त्राच्या बरीच आधीची आहे. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजमधल्या विद्वानांनी एक नियम मांडला होता : चाल एकसारखी वाढत असेल, तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या चालीची सरासरी धरून अंतर काढता येतं. फ्रान्समधल्या निकोल ओरेम यांनी त्याच शतकात हा नियम आकृती काढून, क्षेत्रफळाच्या आधाराने दाखवला. आपण आता करणार आहोत तो हिशेब त्याच जातीचा आहे.

स्क्रीनशॉटमधल्या आलेखाला मागे चौकटी असतील तर पहिला प्रश्न विचारायचा : एक चौकट किती मीटरची? आपल्या चित्रात चौकट 2 सेकंद रुंद आणि सेकंदाला 5 मीटर इतकी उंच आहे. म्हणजे एका चौकटीचे 10 मीटर. आता रेषेखालच्या चौकटी मोजायच्या. पूर्ण भरलेल्या 18 आहेत आणि रेषेने कापलेल्या 10. कापलेल्या चौकटी सरासरीने अर्ध्या धरल्या तर 5 होतात. एकूण 23 चौकटी, म्हणजे 230 मीटर. हा अंदाज ढोबळ आहे, पण पुढचं उत्तर कुठल्या आसपास यायला हवं हे त्यावरून कळतं.

नेमकेपणासाठी दर 2 सेकंदांनी रेषेची उंची वाचू. 0, 2, 4, 6, 8, 10 आणि 12 सेकंदांना चाल अनुक्रमे 0, 10, 16.5, 21, 24, 26 आणि 27 मीटर प्रति सेकंद दिसते. शेजारच्या दोन वाचनांमधला भाग समलंब चौकोन मानायचा. दोन्ही उंचींची सरासरी काढायची आणि तिला 2 ने गुणायचं. पहिल्या पट्टीत 0 आणि 10 ची सरासरी 5, म्हणून अंतर 10 मीटर. दुसरीत 10 आणि 16.5 ची सरासरी 13.25, म्हणून 26.5 मीटर. पुढच्या पट्ट्या 37.5, 45, 50 आणि 53 मीटरच्या. बेरीज 222 मीटर.

हे उत्तर बरोबर आहे की नाही, ते त्याच वाचनांवरून तपासता येतं. मोटारीची चाल पूर्ण वेळ वाढतच आहे. म्हणून प्रत्येक पट्टीत तिच्या सुरुवातीची, म्हणजे कमीत कमी चाल धरली तर अंतर खऱ्याहून कमी येणार : ते 195 मीटर येतं. प्रत्येक पट्टीत शेवटची, म्हणजे जास्तीत जास्त चाल धरली तर 249 मीटर. खरं उत्तर या दोहोंच्या मध्येच असायला हवं आणि 222 तिथे बसतं. आणखी एक गोष्ट चित्रातूनच कळते. ही रेषा वरच्या बाजूला फुगलेली आहे. तिच्यावरचे दोन बिंदू सरळ रेषेने जोडले तर ती सरळ रेषा वक्राच्या खालून जाते. म्हणून समलंब चौकोनांची बेरीज खऱ्या अंतरापेक्षा किंचित कमी भरते. रेषा खाली झोळ घेणारी असती, तर उलट झालं असतं.

घाईत अनेक जण फक्त शेवटची चाल घेतात, तिच्या निम्म्याला 12 ने गुणतात आणि 162 मीटर लिहून मोकळे होतात. म्हणजे सगळ्या आकृतीचा एकच त्रिकोण करतात. रेषा सरळ असती तर हे चाललं असतं. इथे मोटारीने सुरुवातीलाच वेग घेतला आहे, म्हणून 60 मीटर हिशेबातून गळतात. 162 हा आकडा 195 च्याही खाली आहे, तेव्हा ही चूक तपासणीत लगेच पकडली जाते.

आता खास स्क्रीनशॉटमुळे होणाऱ्या चुकांकडे वळू. चित्र कापताना अक्षाची नावं आणि एककं बाहेर राहतात, ही सर्वांत नेहमीची अडचण. समजा उभा अक्ष ताशी किलोमीटरमध्ये होता आणि आडवा सेकंदांत. मग तीच बेरीज 800 च्या घरात जाते आणि ती कोणी सरळ मीटर म्हणून लिहून टाकतं. पण 12 सेकंदांत 800 मीटर म्हणजे ताशी 240 किलोमीटरची सरासरी आणि आलेखातली सर्वांत जास्त चाल मात्र ताशी 97 च्या आसपास. सरासरी चाल कमाल चालीपेक्षा मोठी असूच शकत नाही. अशा वेळी बेरजेला 3.6 ने भागायचं, की मीटर मिळतात. 

दुसरी चूक जास्त फसवी आहे. समजा प्रश्न 4 ते 12 सेकंदांपुरता आहे आणि चित्रात उभा अक्ष 0 ऐवजी 15 पासून सुरू होतो. रेषेखाली दिसणारी जागा मोजली तर सुमारे 65 मीटर भरते. पण ती फक्त 15 च्या वरची जागा आहे. खाली न दिसणारा 15 उंचीचा आणि 8 सेकंद रुंदीचा आयत आहे, म्हणजे आणखी 120 मीटर. खरं अंतर 185 च्या थोडं पुढे आहे. या काळात मोटार 16.5 च्या खाली कधी गेलेलीच नाही, तेव्हा 8 सेकंदांत किमान 132 मीटर कापले गेलेच असणार. 65 बघताच शंका यायला हवी. आडवा अक्ष शून्यापासून सुरू झाला नाही तर मात्र काही बिघडत नाही, हवा तेवढा काळ चित्रात असला म्हणजे झालं.

चित्र आडवं ताणलं गेलं किंवा लहान झालं तरी उत्तर बदलत नाही. चौकटीचा आकार बदलतो, तिची किंमत 10 मीटरच राहते. म्हणूनच पडद्यावर पट्टी ठेवून निघालेल्या चौरस सेंटिमीटरना स्वतःचा अर्थ नसतो. वहीतल्या आलेखाचा तिरका काढलेला फोटो असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एका बाजूच्या चौकटी मोठ्या आणि दुसऱ्या बाजूच्या लहान दिसतात. तेव्हा चौकटी मोजलेल्या बऱ्या, क्षेत्र मोजू नये.

चौकटी नसतील तर पिक्सेल मोजता येतात. चित्र संपादनाच्या कुठल्याही साध्या प्रोग्राममध्ये कर्सरखालच्या पिक्सेलचा क्रमांक दिसतो. समजा आडव्या अक्षावर 0 ची खूण 110 वर आणि 12 ची 830 वर आहे. म्हणजे 720 पिक्सेलमध्ये 12 सेकंद, सेकंदाला 60 पिक्सेल. उभ्या अक्षावर 0 ची खूण 700 वर आणि 30 ची 100 वर, म्हणजे चालीच्या दर एककाला 20 पिक्सेल. उभे क्रमांक वरून खाली वाढतात, तेव्हा उंची काढताना 700 मधून वाचलेला आकडा वजा करायचा. 60 गुणिले 20, म्हणजे 1200 पिक्सेलचं क्षेत्र एका मीटरइतकं. रेषेखालचा भाग रंगवून त्यात 2,66,400 पिक्सेल भरले, तर 1200 ने भागून 222 मीटर.

पिक्सेल मोजले म्हणून उत्तराला दशांशापर्यंत अचूकता येत नाही. आलेखाची रेषाच 4 पिक्सेल जाड असेल, तर तिची वरची कड धरायची की खालची, यानेच अडीच मीटरचा फरक पडतो. सगळी वाचनं अर्ध्या एककाने एकाच बाजूला चुकली तर 6 मीटरचा. म्हणून 222.37 असं लिहिण्यात अर्थ नाही. ‘सुमारे 220 मीटर’ हे प्रामाणिक उत्तर.

आणि हा आलेख चालीचा आहे, हे विसरू नका. मोटार सरळ गेली, वळली की उलट फिरून परत आली, ते यातून कळत नाही. मिळतं ते चाकांनी कापलेलं अंतर. निघाल्या जागेपासून मोटार किती दूर गेली, म्हणजे विस्थापन किती, हे हवं असेल तर वेग-काळ आलेख लागतो. त्यात अक्षाच्या खालची जागा वजा धरावी लागते. तेव्हा बेरजेला हात घालण्याआधी अक्षावर ‘चाल’ लिहिलंय की ‘वेग’, एककं कोणती आहेत आणि उभा अक्ष कुठून सुरू होतो, या तीन गोष्टी बघून घ्या. यातली एखादी स्क्रीनशॉटमध्ये कापली गेली असेल, तर ज्याने पाठवला त्याच्याकडून पूर्ण चित्र मागवा.